पेटीतला अर्धा पैसा कुणाचा?

नाशिकचा शरणपूर रोड आपल्याला ठाऊक आहे. तिथे १८५४ मध्ये इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीने ख्रिस्ती वसाहत वसवली. ती संस्था प्रोटेस्टंट पंथाची. मग कॅथलिक आणि प्रोटेस्टंट हे पंथ वेगळे कशामुळे झाले? त्या भांडणाची सुरुवात जर्मनीत एका कर्जातून झाली.

आल्ब्रेख्त नावाचा एक तरुण सरदारपुत्र मॅग्डेबुर्गचा आर्चबिशप, म्हणजे मोठा धर्माधिकारी होता. १५१४ मध्ये त्याने माइन्त्सचे पदही मिळवले. एकाकडे अशी दोन पदे नसावीत, असा नियम होता. नियमातून सूट आणि पदाची फी यांसाठी रोमला मोठी रक्कम द्यायची होती. त्याने फुगर या सावकार घराण्याकडून सुमारे २९ हजार सोन्याची नाणी कर्जाऊ घेतली.

आता हे फेडायचे कसे? पोप दहावे लिओ यांनी परवानगी दिली, की आल्ब्रेख्तने आपल्या मुलखात पापमुक्तीपत्रे द्यावीत. निम्मा पैसा रोममध्ये सेंट पीटरचे चर्च बांधायला आणि निम्मा कर्जफेडीला. लोकांना मात्र चर्चच्या बांधकामाचेच सांगितले जाई. टेट्झेल नावाचा साधू गावोगाव प्रवचन करी आणि पेटीजवळ फुगरांचा माणूस हिशेबाला असे. दर ऐपतीप्रमाणे होते. राजाला २५ नाणी, व्यापाऱ्याला ३, कारागिराला १. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याने प्रार्थना आणि उपवास करावा, असे कागदावर होते.

लोक पैसे का देत? चर्चची शिकवण अशी होती, की पापाची कबुली दिल्यावर देव क्षमा करतो, पण शिक्षा उरते. ती इथे भोगली नाही, तर मेल्यावर शुद्धिस्थानात भोगावी लागते. पत्राने ती शिक्षा माफ होई, आणि १४७६ पासून मेलेल्या नातलगांसाठीही पत्र घेता येई. आपली आई तिथे यातना भोगते आहे असे वाटल्यावर कोण पैसे देणार नाही?

विटेनबर्गमध्ये पत्रविक्रीला बंदी होती, पण लोक हद्द ओलांडून पत्रे आणत. तिथले धर्मशास्त्राचे शिक्षक मार्टिन ल्यूथर यांनी ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी ९५ मुद्दे लिहून तक्रार पाठवली, तीही आल्ब्रेख्तलाच! कर्जाचा व्यवहार त्यांना तेव्हा माहीत नव्हता. त्यांचे म्हणणे असे, की पश्चात्ताप आयुष्यभर करायचा असतो, तो विकत मिळत नाही. गरिबाला देणे हे पत्र घेण्यापेक्षा चांगले. आणि पोपना आत्मे सोडवता येतात, तर प्रेमापोटी सगळेच का सोडवत नाहीत?

छापखान्यांमुळे हे मुद्दे लवकर पसरले. रोमला जाणाऱ्या पैशावर जर्मन लोकांचा राग आधीपासूनच होता. वाद वाढत गेला आणि चर्च फुटले. पुढे १५६७ मध्ये पोप पाचवे पायस यांनी पैशाच्या बदल्यात दिलेली माफी रद्द केली. कॅथलिक चर्चमध्ये ती माफी आजही आहे, पण प्रार्थनेने आणि सत्कर्माने मिळते, पैशाने नाही.