पाच वर्षं पुरतात का?

स्मॉल-कॅप फंडाची चौकशी केली की ‘पाच वर्षं ठेवा, मग बघा’ हा सल्ला हमखास मिळतो. जानेवारी २०१८मध्ये तो मानून पैसे गुंतवणाऱ्यांचं काय झालं?

बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० कंपन्या लार्ज-कॅप आणि २५१व्या क्रमांकापासून पुढच्या स्मॉल-कॅप, अशी सेबीची वर्गवारी आहे. २०१७मध्ये निफ्टी स्मॉलकॅप १०० हा निर्देशांक निम्म्याहून अधिक वाढला होता, म्हणून पैशांचा ओघ तिकडे वळला. मग २०१८मध्ये आयएल अँड एफएसने कर्जं थकवली, बाजारात पैशाची चणचण झाली. त्या एका वर्षात हा निर्देशांक २९ टक्के घसरला. निफ्टी ५० मात्र किंचित वाढलाच. मार्च २०२०मध्ये कोविडच्या धक्क्यानंतर स्मॉल-कॅप निर्देशांक शिखरापासून सुमारे ६५ टक्के खाली होता. लाखाचे ३५ हजार झाले, तर मूळ रक्कम गाठायला पैसे जवळजवळ तिप्पट व्हावे लागतात. निफ्टी ५० त्याच्या शिखरावरून ३८ टक्के पडला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये सावरलाही. स्मॉल-कॅपला जुनं शिखर गाठायला २०२१चा मध्य उजाडला.

आणि पाच वर्षं पूर्ण झाली तेव्हा, जानेवारी २०२३मध्ये, तो पुन्हा जवळपास २०१८च्याच पातळीवर होता. निफ्टी ५० तोवर ११ हजारांवरून साडेसतरा हजारांपुढे गेला होता. गंमत म्हणजे स्मॉल-कॅपची खरी कमाई झाली ती नंतरच्या वर्षभरात: ६० टक्क्यांहून अधिक. पाचव्या वर्षी वैतागून बाहेर पडलेल्यांच्या हाती त्यातलं काहीच लागलं नाही. काही फंडांनी निर्देशांकापेक्षा बरी कामगिरी केली हे खरं, पण चढउतारातून तेही सुटले नाहीत.

घसरण इतकी खोल का? छोट्या कंपनीचे शेअर घेणारे मुळात थोडे. सगळेच विकायला निघाले की भाव पायऱ्या न मोजता उतरतो. २०२४पासून फंडांना अर्धे शेअर विकायला किती दिवस लागतील हे जाहीर करावं लागतं. पहिल्याच वेळी काही मोठ्या स्मॉल-कॅप फंडांचं उत्तर दीड-दोन महिन्यांचं होतं.

म्हणून लार्ज-कॅपला पाच वर्षं दिली, तर स्मॉल-कॅपला सात ते दहा धरावीत, असं माझं मत. मुलीच्या प्रवेशाची फी तीन वर्षांनी भरायची असेल, तर तो पैसा इथे नकोच. एसआयपी करणाऱ्यांचा हिशेब तर आणखी चुकतो. ‘पाच वर्षं झाली’ म्हणताना पहिला हप्ता पाच वर्षांचा असतो, शेवटचा जेमतेम महिन्याचा. सरासरी काढली तर पैशाला अडीचच वर्षं मिळालेली असतात.