पगार तीनास एक, शिल्लक बरोबरीची

समजा, पुण्यातलं एक जोडपं आहे. सुहासच्या हातात दरमहा ९०,००० रुपये पडतात, मीराच्या हातात ३०,०००. घरभाडं, किराणा, मुलीची शाळा, वीज, पेट्रोल असा घरखर्च ४८,००० रुपयांचा. लग्न झाल्यापासून दोघं तो निम्मा-निम्मा वाटून घेतात आणि त्यांना ते बरोबरीचं वाटतं. पण आपला वाटा दिल्यावर मीराकडे ६,००० रुपये उरतात आणि सुहासकडे ६६,०००. खर्चाची बरोबरी झाली, तरी शिल्लक अकरा पटींनी विषम राहिली.

खर्च पगाराच्या प्रमाणात वाटणं हा यावरचा पहिला उपाय. पगार तीनास एक, म्हणून खर्चातले ३६,००० सुहासचे आणि १२,००० मीराचे. मुलीचं शिक्षण, घराचं डाऊन पेमेंट आणि निवृत्ती यांसाठी दोघांना मिळून दरमहा ३६,००० रुपये गुंतवायचे आहेत, असं धरू. त्याच प्रमाणात ते २७,००० आणि ९,००० होतात. मग सुहासच्या हाती स्वतःसाठी २७,००० राहतात आणि मीराच्या हाती ९,०००. आता भार दोघांच्या ऐपतीप्रमाणे आहे.

तरीही एक गोष्ट निसटते. ही गुंतवणूक ज्याची त्याच्या नावावर राहिली, तर वीस वर्षांनी सुहासच्या नावावरची रक्कम मीराच्या तिप्पट असेल. मुलीच्या आजारपणात रजा कोणी काढली, बदली कोणी नाकारली, याची नोंद त्या आकड्यांत नसते. अनेक घरांत तर याहून वाईट घडतं. बायकोचा पगार किराण्यात आणि फीमध्ये जातो आणि नवऱ्याच्या पगारातून हप्ते, एसआयपी भरले जातात. किराणा संपून जातो, एसआयपी मागे राहते. दोघांनी मिळून संसार केला, तरी मालमत्ता एकाच्याच नावावर साठत जाते.

अशा वेळी सुहासला वाटेल, की आपणच पैसे देऊन मीराच्या नावावर मुदत ठेव करावी. पत्नीला दिलेल्या भेटीवर कर लागत नाही, हे खरं. पण त्या पैशावर मिळणारं व्याज किंवा नफा आयकर कायद्यानुसार देणाऱ्याच्याच उत्पन्नात धरला जातो. याला ‘क्लबिंग’ म्हणतात. ठेव मीराची, कर मात्र सुहासच्या दरानं. ते व्याज मीरानं पुन्हा गुंतवलं, तर त्यावरची पुढची कमाई तिची स्वतःची मानली जाते; पण हा हिशेब वर्षानुवर्षं वेगळा ठेवणं कटकटीचं असतं.

यापेक्षा सरळ मार्ग म्हणजे कोणाच्या पगारातून काय भरायचं, ते बदलायचं. मीरानं आपल्या ३०,००० मधले १८,००० स्वतःच्या नावावर गुंतवावेत, ३,००० घरखर्चाला द्यावेत आणि ९,००० स्वतःकडे ठेवावेत. सुहासनं ४५,००० घरखर्चाला द्यावेत, १८,००० स्वतःच्या नावावर गुंतवावेत आणि २७,००० स्वतःकडे ठेवावेत. बेरीज करून पाहा: घरखर्च ४८,००० च आहे, गुंतवणूक ३६,००० च आहे, दोघांचा हातखर्चही मघाइतकाच आहे. फरक इतकाच, की आता दोघांच्या नावावर सारखी रक्कम जमते. मीरा स्वतःच्या पगाराचे पैसे गुंतवते आहे, त्यामुळे क्लबिंगचा प्रश्नच येत नाही.

या हिशेबात भविष्य निर्वाह निधी विसरू नये. सुहासचा पगार मोठा, म्हणून त्याचा पीएफही मोठा. निवृत्तीची रक्कम खरोखर सारखी हवी असेल, तर तो फरक मोजून मीराच्या नावावरचा हप्ता थोडा वाढवावा लागेल. आणि मीरानं काही वर्षं नोकरी सोडली, तर हा मार्ग बंद होतो. त्या काळात सुहासनं दिलेले पैसे तिच्या पीपीएफ खात्यात भरता येतात. तिथलं व्याज करमुक्त असल्यानं क्लबिंगनं काही बिघडत नाही. मर्यादा वर्षाला दीड लाखाची.

मग संयुक्त खातं कशासाठी? घरखर्च आणि चार-सहा महिन्यांची अडीनडीची शिल्लक, एवढ्यासाठी. बँकेत ते ‘आयदर ऑर सर्व्हायवर’ पद्धतीचं असावं, म्हणजे एक जण रुग्णालयात असला तरी दुसऱ्याला पैसे काढता येतात. पण हीच सोय धोकाही ठरते, कारण दोघांपैकी कोणीही एकटं सगळी रक्कम काढू शकतं. म्हणून सगळी पुंजी तिथे ठेवू नये. पीपीएफ तर संयुक्त नावानं उघडताच येत नाही. उद्दिष्टांसाठी खाती स्वतंत्र असावीत, मात्र कोणतं खातं कशासाठी, ते दोघांना ठाऊक असावं. मुलीचं शिक्षण मीराच्या फंडातून आणि घराचं डाऊन पेमेंट सुहासच्या फंडातून असं ठरवलं, तर निवृत्तीचा हिशेब करताना कोणाचे पैसे आधी खर्च झाले, हेही पाहावं लागेल.

आता नॉमिनेशन. पीएफच्या नियमांनुसार लग्नाआधी केलेलं नॉमिनेशन लग्नानंतर रद्द ठरतं आणि नव्यानं करावं लागतं. बँकेत आणि म्युच्युअल फंडात मात्र जुनं नाव तसंच चालू राहतं. लग्नाआधी मीरानं भावाचं नाव दिलं असेल, तर आजही बँक त्यालाच पैसे देईल. नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चारपर्यंत नॉमिनी देता येतात, त्यामुळे नवरा आणि आई दोघांनाही टक्केवारी ठरवून नेमता येतं.

पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक किंवा फंड कंपनी पैसे त्याच्या हाती सोपवते, ते खऱ्या वारसांपर्यंत पोहोचवण्यासाठी. शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. आयुर्विमा हा अपवाद: २०१५ च्या दुरुस्तीनंतर पती, पत्नी, आईवडील किंवा मुलं नॉमिनी असतील, तर विम्याच्या रकमेवर हक्क त्यांचाच.

याचा परिणाम काय होतो, ते पाहा. सुहासनं सगळ्या फंडांत मीराला नॉमिनी केलं, पण मृत्युपत्र केलं नाही. हिंदू वारसा कायद्यानुसार त्याच्या संपत्तीत पत्नी, मुलगी आणि आई यांना समान वाटा मिळतो. म्हणजे मीराच्या हाती आलेल्या पैशांतला एक तृतीयांशच तिचा. सासूबाईंनाही आधार हवा, हे मान्य. पण तो किती आणि कुठून, हे सुहासनं जिवंतपणी ठरवावं. मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही. स्वच्छ शब्दांतला मजकूर, स्वतःची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. ज्यांना त्यातून काही मिळणार आहे, त्यांना साक्षीदार करू नये. मीरानंही स्वतःचं मृत्युपत्र करावं, कारण आता तिच्याही नावावर तेवढीच पुंजी आहे.

दरवर्षी दोघांचे पगार वाढले, की एका संध्याकाळी चार आकडे कागदावर मांडा: दोघांचे पगार, घरखर्च, दोघांच्या नावावरची एकूण गुंतवणूक आणि प्रत्येक खात्याचा नॉमिनी. त्यातला तिसरा आकडा आधी पाहा. दोन नावांपुढच्या रकमांतली दरी वर्षागणिक वाढत असेल, तर खर्चाची वाटणी कितीही सारखी दिसत असली, तरी ती बदलायला हवी.