खोलीभाडं आणि तीन वर्षांचं दुखणं

आरोग्य विम्याच्या दाव्यावर कंपनीचं शंकापत्र आलं की घरातली माणसं पॉलिसीची पुस्तिका पहिल्या पानापासून वाचायला घेतात आणि लवकरच दमतात. मी आधी पत्र वाचते. कंपनीने कोणत्या कलमावर बोट ठेवलंय ते बघते आणि मग पुस्तिकेतलं तेवढंच कलम, त्यातल्या शब्दांच्या व्याख्यांसकट, उघडते.

शेजारच्या काकूंचं पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन जून 2025 मध्ये झालं. पॉलिसी मार्च 2023 ची, एकदाही खंड न पडलेली. पित्ताशयाचे खडे, हर्निया, मोतीबिंदू अशा ठरावीक आजारांना त्यांच्या पॉलिसीत 24 महिन्यांची प्रतीक्षा होती आणि ती उलटून गेली होती. हे महिने मोजताना शेड्यूलवरची पहिल्या पॉलिसीची तारीख धरायची, यंदाच्या नूतनीकरणाची नाही. शिवाय मध्ये विम्याची रक्कम वाढवली असेल, तर वाढीव रकमेपुरती प्रतीक्षा नव्याने सुरू होते. काकूंनी ती वाढवली नव्हती.

तरीही पत्र आलं, कारण डिस्चार्ज समरीत ‘तीन वर्षांपासून अधूनमधून पोटदुखी’ अशी ओळ होती. तीन वर्षं म्हणजे पॉलिसीच्याही आधीपासून. कंपनीचं म्हणणं, हा पूर्वीपासूनचा आजार आहे आणि त्याची प्रतीक्षा 36 महिन्यांची. ठरावीक यादीतला आजार पूर्वीपासूनचाही असेल तर दोन्हींपैकी लांबची मुदत लागू होते, हेही पुस्तिकेत आहे. म्हणजे 27 व्या महिन्यातला दावा नामंजूर.

इथे व्याख्या उघडावी लागते. पॉलिसी घेण्याआधीच्या 36 महिन्यांत डॉक्टरांनी ज्याचं निदान केलं, किंवा ज्यासाठी डॉक्टरांचा सल्ला वा उपचार घेतला गेला, तो पूर्वीपासूनचा आजार. नुसतं पोट दुखत होतं, ओवा खाऊन बरं वाटत होतं, एवढ्याने व्याख्या पूर्ण होत नाही. काकू त्या दुखण्यासाठी पॉलिसीआधी कुणा डॉक्टरकडे गेल्याच नव्हत्या. खडे पहिल्यांदा दिसले ते मे 2025 च्या सोनोग्राफीत. आम्ही तो रिपोर्ट, पहिल्या तपासणीचा केस पेपर आणि ‘याआधी निदान वा उपचार झाल्याची नोंद नाही’ असं सर्जनचं पत्र जोडलं. समरीतली ओळ बदलून आणायला मात्र मी कधीच सांगत नाही. मागाहून खाडाखोड केलेला कागद खऱ्या दाव्यालाही संशयात ढकलतो.

दावा मंजूर झाला, पण बिल 1,55,000 रुपयांचं आणि हातात आले 93,000. सोबत दोनच शब्द होते, प्रमाणशीर कपात. विमा 3 लाखांचा, खोलीभाड्याची मर्यादा त्याच्या 1 टक्का, म्हणजे दिवसाला 3,000. काकू चार दिवस 5,000 च्या खोलीत राहिल्या. मर्यादा खोलीच्या 60 टक्के भरते, म्हणून कंपनीने अख्ख्या बिलाचे 60 टक्के दिले.

कपात योग्य होती, पण ती अख्ख्या बिलावर लावणं चूक. ती लागते खोलीशी निगडित खर्चांना: सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग. औषधं, लागणारं साहित्य, शरीरात बसवलेली उपकरणं आणि तपासण्या त्यातून वगळलेल्या आहेत. नियामक संस्थेचाच तसा नियम आहे. अतिदक्षता विभागाच्या खर्चालाही ही कपात लागत नाही. आणि रुग्णालय खोलीच्या दर्जानुसार बाकीचे दर बदलतच नसेल, तर ती मुळीच करता येत नाही. म्हणून मी रुग्णालयाचं दरपत्रक मागवते. इथे दर खोलीप्रमाणे बदलत होते, त्यामुळे तो मुद्दा सोडला.

मग बिल वेगळं केलं. खोलीचे 20,000 होते, त्यातले 12,000 मिळायला हवेत. सर्जन, भूल, थिएटर, नर्सिंग मिळून 90,000 चे 54,000. औषधं आणि तपासण्यांचे 45,000 मात्र पूर्ण. बेरीज 1,11,000. कंपनीने 18,000 कमी दिले होते. रुग्णालयाने ‘पॅकेज’ म्हणून एकच आकडा दिला असता, तर ही फोड करता आली नसती. म्हणून डिस्चार्जच्याच दिवशी तपशीलवार बिल मागावं.

ही फोड आणि कलमाचा क्रमांक असं एका पानाचं पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे गेलं. तिथे 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, शुल्क नाही, वकील लागत नाही. मात्र कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत जावं लागतं. काकूंवर ती वेळ आली नाही. 18,000 रुपये जमा झाले. उरलेले 44,000 कलमाप्रमाणेच कापलेले होते आणि त्यांच्यासाठी भांडायला जागा नाही, हेही मी त्यांना तेव्हाच सांगितलं होतं.