मोठ्या साहेबांची 15 मिनिटं कशी मागायची?

व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, प्लांट हेडला मेसेज केला, निळी टिक आली, पण उत्तर नाही." आज तेवढंच बघू.

आपल्या शिरढोणचंच उदाहरण घेऊ. समजा, तुम्ही लाकडी पॅलेट दुरुस्त करता. जवळच पाताळगंगा एमआयडीसी आहे, तिथल्या एका कारखान्यात मोडके पॅलेट साठलेत. स्टोअरवाला म्हणतो पर्चेसला विचारा, पर्चेसवाला म्हणतो स्टोअरला विचारा. कारण मोडका माल दुरुस्तीसाठी गेटबाहेर सोडायचा तर रिटर्नेबल गेट पास लागतो, आणि नव्या माणसासाठी त्यावर सही करायला कुणी तयार नसतं. म्हणून प्लांट हेड. नुसता रेट द्यायचा असेल तर पर्चेसच बरं, वर जाऊ नका.

बहुतेक जण लिहितात, "सर, भेटायचं होतं, कधी वेळ आहे?" आता साहेबांनी कॅलेंडर उघडायचं, वेळ शोधायची, आणि काम काय ते माहीत नाही! मेसेज बाजूला पडतो. त्याऐवजी हे बघा:

"नमस्कार सर. मी (नाव), शिरढोण, पॅलेट दुरुस्ती करतो. तुमचे 10 मोडके पॅलेट विनामूल्य दुरुस्त करून दाखवायचे आहेत, त्यांच्या गेट पासच्या परवानगीसाठी 15 मिनिटं हवीत.
1) मंगळवार दु. 3:30
2) गुरुवार स. 11:30
3) तुम्ही सांगाल त्या अधिकाऱ्यांना भेटतो
फक्त नंबर कळवला तरी चालेल."

कारण एकाच वाक्यात आहे, आणि त्यात साहेबांनी काय ठरवायचं तेही आहे. "व्यवसायवाढीबाबत चर्चा" असं लिहिलं तर त्यावर हो-नाही काय सांगणार? वेळाही बघून दिल्यात. सकाळी बहुतेक कारखान्यांत प्रॉडक्शनची मीटिंग असते, महिनाअखेरीला डिस्पॅचची धावपळ. मेसेज दोन-तीन दिवस आधी जाऊ दे. खऱ्या मेसेजमध्ये वारासोबत तारीखही टाका, नाहीतर "कुठला मंगळवार?" यातच एक दिवस जातो. आणि पाच-सहा पर्याय देऊ नका हो, ते टाइमटेबल होतं.

माझ्या मते तिसरा पर्याय सगळ्यात कामाचा. "3, स्टोअरच्या अमुकांना भेटा" असं उत्तर आलं की लोक हिरमुसतात. अहो, तोच माणूस काल तुम्हाला टोलवत होता! आज साहेबांच्या नावाने जाताय. त्यांना तो मेसेज दाखवा.

उत्तर नाहीच आलं, तर दोन कामकाजाचे दिवस थांबून त्याच मेसेजखाली नव्या तारखा टाका, एकदाच. तरीही शांतता असेल तर कारखान्याच्या बोर्ड नंबरवर फोन करून साहेबांच्या भेटी कोण ठरवतं ते विचारा.

होकार आला की लगेच तुमचं नाव आणि गाडीचा नंबर पाठवा, म्हणजे सिक्युरिटीकडे आधी कळवता येईल. नाहीतर 15 मिनिटांतली 10 गेटवरच जातात.