स्तूपाआड दडलेली जीवा

जुन्नर शहराच्या पश्चिमेस तुळजा लेणी नावाचा लेण्यांचा एक लहान गट आहे. लेण्याद्रीस जाणाऱ्यांपैकी थोडेच लोक तिकडे वळतात. या गटातील चैत्यगृह आयताकृती नसून गोल आहे. मध्यभागी साधा स्तूप, त्याभोवती बारा अष्टकोनी स्तंभांचे कडे आणि वर घुमटाकार छत अशी त्याची रचना आहे. लेणे सुमारे पंचवीस फूट व्यासाचे आहे. शालेय सहलीच्या वेळी मुले स्तंभ मोजतात आणि बाहेर पडतात. परंतु त्या ठिकाणी एखाद्या चौकस विद्यार्थ्याने असे विचारले की, ‘गुरुजी, हा व्यास मोजला कसा? मध्ये तर स्तूप आहे,’ तर त्यास काय उत्तर द्यावे? प्रस्तुत लेख या एकाच प्रश्नाच्या उत्तरासाठी लिहिला आहे. जुन्नर व आंबेगाव या दोन्ही तालुक्यांतील, विशेषतः सातवी-आठवीचे वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकबंधुभगिनींनी तो हाती दोरी घेऊन वाचावा.

व्यास म्हणजे वर्तुळाच्या केंद्रातून जाणारी जीवा होय. येथे केंद्र स्तूपाच्या पोटात आहे. म्हणून प्रश्न असा होतो : जी जीवा सबंध मोजता येत नाही, परंतु जिचा एक लहान तुकडा आपल्या हाती आहे, तिची लांबी कशी काढावी?

उत्तर भूमितीतील एका जुन्या प्रमेयात आहे. वर्तुळाच्या दोन जीवा एकमेकींस वर्तुळाच्या आत छेदत असतील, तर एका जीवेच्या दोन खंडांचा गुणाकार दुसऱ्या जीवेच्या दोन खंडांच्या गुणाकाराइतका असतो. अब आणि कड या जीवा म या बिंदूत छेदत असतील तर

मअ × मब = मक × मड

हे प्रमेय युक्लिडाच्या तिसऱ्या पुस्तकात पस्तिसावे आहे. आपल्याकडे आर्यभटाने इ. स. 499 मधील ग्रंथात याचाच एक विशेष प्रकार सांगितला. त्याची परिभाषा मुलांस अवश्य सांगावी, कारण ती चित्रच उभे करते. वर्तुळाचा तुकडा हे धनुष्य म्हणजे चाप, त्याची दोरी म्हणजे ज्या किंवा जीवा, आणि दोरीच्या मध्यापासून धनुष्याच्या पाठीपर्यंतचा बाण म्हणजे शर. बाणाची रेषा तशीच मागे वाढविली म्हणजे पलीकडच्या परिघापर्यंत दुसरा शर मिळतो. आर्यभटाच्या नियमाप्रमाणे या दोन शरांचा गुणाकार अर्ध्या जीवेच्या वर्गाइतका असतो. दोन्ही शर मिळून व्यास होतो, हे येथे ध्यानात घ्यावे.

प्रमेय खरे का, हे मोठ्या मुलांस दोन वाक्यांत सांगता येते. अक आणि डब ही टोके जोडली म्हणजे अमक व डमब असे दोन त्रिकोण होतात. म जवळचे त्यांचे कोन परस्परविरुद्ध म्हणून समान आहेत, आणि अ व ड येथील कोन एकाच कंसावर उभे असल्यामुळे समान आहेत. त्यामुळे त्रिकोण समरूप होतात, म्हणून मअ चे मड शी जे प्रमाण तेच मक चे मब शी. तिरकस गुणाकार केला की वरील समीकरण हाती येते. संपूर्ण सिद्धता विद्यार्थी दहावीच्या भूमितीत शिकतीलच. आपल्याकडे ते मोजून पडताळले गेले तरी पुष्कळ झाले.

आता शाळेच्या अंगणात लेणे उभारावे. एक खुंटी ठोकून चार मीटर दोरीने फक्कीचे वर्तुळ आखावे आणि खुंटी काढून टाकावी. मध्यभागी सुमारे अडीच मीटर रुंदीचा दप्तरांचा ढीग करावा. हा आपला स्तूप. केंद्रापासून 2.8 मीटर अंतरावर बारा विद्यार्थी स्तंभ म्हणून उभे करावेत. ज्या गटाने वर्तुळ आखले नाही, त्या गटास मापनास बोलवावे व त्यास चार मीटरचा आकडा सांगू नये.

स्तंभ झालेल्या मुलांच्या पाठीमागून, म्हणजे जेथे लेण्यात प्रदक्षिणेचा मार्ग आहे तेथे, दोरी परिघाच्या एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत ताणावी. समजा, ती 480 सेंटीमीटर भरली. तिचा मध्य 240 वर येतो. तेथे गाठ किंवा खूण करावी. आता खुणेपासून परिघापर्यंतचा शर मोजावयाचा आहे. काटकोन्या नसला तरी चालते. खुणेवर दुसऱ्या सुतळीचे टोक धरून ती परिघाच्या बाजूस डावी-उजवी फिरवावी. जेथे अंतर सर्वांत कमी भरेल तेथेच ती जीवेस लंब असते. हे अंतर 80 सेंटीमीटर आले असे धरू.

अर्ध्या जीवेचा वर्ग 240 × 240 = 57600. त्यास 80 ने भागले म्हणजे 720. स्तूपामागे दडलेला मोठा शर 720 सेंटीमीटर होय. येथे पुष्कळ विद्यार्थी थांबतात आणि 720 हेच उत्तर म्हणून अधोरेखित करतात. परंतु विचारले होते ते जीवेचे माप, खंडाचे नव्हे. 720 + 80 = 800 सेंटीमीटर, हा व्यास. मग ढीग हलवून फितीने मोजून दाखवावा. आकडा जुळला म्हणजे वर्गातील शांतता पाहण्याजोगी असते.

आंबेगाव तालुक्यातील एका शाळेत मी पाहिलेली चूक याहून निराळी होती. फळ्यावर 6 आणि 4 असे एका जीवेचे खंड व 3 असा दुसरीचा एक खंड होता. एका मुलीने चौथा खंड 7 लिहिला. कारण विचारता ती म्हणाली, “सहा नि चार दहा, तीन नि सात दहा.” तिने बेरीज समान धरली होती. बेरीज समान असती तर एका बिंदूतून जाणाऱ्या सर्व जीवा सारख्याच लांबीच्या झाल्या असत्या. तिला ताट उलटे ठेवून त्याभोवती पेन्सिल फिरवावयास व आत कोठेही एका बिंदूतून चार जीवा काढावयास सांगितले. लांब्या निराळ्या आल्या, पण गुणाकार जवळजवळ एकच राहिला. खरे उत्तर 24 ÷ 3 = 8, आणि जीवा 11. नियम तिने आपणच दुरुस्त केला. मला फळ्याकडे जावेच लागले नाही.

अंगणातील दोरी अजून ताणलेलीच आहे असे समजून दुसरे उदाहरण घेऊ, कारण छेदनबिंदू नेहमी मध्यावरच येईल असे नाही. त्याच 480 सेंटीमीटर जीवेवर एका टोकापासून 180 वर खूण करावी. दुसरीकडे 300 राहतात. या खुणेतून स्तूपाच्या दिशेने जाणारी एक तिरकी जीवा कल्पावी आणि तिचा जवळचा खंड मोजावा. तो 75 सेंटीमीटर आला. 180 × 300 = 54000; 75 ने भागता 720; जीवा 795 सेंटीमीटर. ही स्तूपातून जाणारी जीवा आहे, पण व्यास नव्हे. लंब न काढता मध्यबिंदूपासून तिरके मोजणाऱ्या विद्यार्थ्याचेही असेच होते. त्यास जीवेचे खरे माप मिळते, फक्त तो त्यास चुकून व्यास म्हणतो. प्रमेय चुकत नाही, नाव चुकते.

उत्तर संशयास्पद आहे हे ओळखावयाचे एक साधन येथेच हाती येते. कोणतीही जीवा व्यासापेक्षा मोठी असू शकत नाही. समजा, वरील मापनात 75 ऐवजी कोणी 74 वाचले. मग 54000 ÷ 74 म्हणजे सुमारे 729.7, आणि जीवा 803.7. व्यास 800 असता हे अशक्य आहे. एका सेंटीमीटरची चूक होती, पण तिने अशक्य जीवा निर्माण केली.

यातच या रीतीची मर्यादा आहे, आणि ती लपवू नये. लहान खंडातील चूक भागाकारातून फुगून बाहेर येते. आपल्या व्यासाच्या मापनात शर 80 ऐवजी 79 वाचला तर व्यास सुमारे 808 येतो, आणि 81 वाचला तर 792. एका सेंटीमीटरची चूक आठ सेंटीमीटर होते. अर्धी जीवा 240 ऐवजी 241 धरली तर व्यास सुमारे सहा सेंटीमीटरने वाढतो. शर जितका आखूड, तितका हा फुगवटा अधिक. म्हणून स्तंभांना न लागता जेवढी लांब दोरी ताणता येईल तेवढी ताणावी, शर तीनदा मोजावा आणि दोरी सैल पडू देऊ नये. सैल दोरी जीवेची लांबी तर वाढवतेच, शिवाय मध्यावरील खूणही हलवते.

प्रत्यक्ष लेण्यात आणखी एक गोष्ट आहे. ती भिंत छिन्नीने कातळात कोरलेली आहे, कंपासाने आखलेली नव्हे. प्रमेय खऱ्या वर्तुळासाठी आहे. म्हणून प्रदक्षिणामार्गावर दोन-तीन निरनिराळ्या ठिकाणी जीवा व शर घेऊन व्यास काढावा. फरक मोजमापाच्या चुकीत बसेल इतका असेल तर सरासरी घ्यावी. त्याहून पुष्कळ अधिक असेल तर प्रथम दोरी पुन्हा ताणून पाहावी. तरीही फरक राहिला तर भिंत त्या जागी वर्तुळाकार नाही असे समजावे. आणि ते कळणे हेही मोजल्याचेच फळ आहे. लेणे संरक्षित आहे, तेव्हा भिंतीस खडूची खूण करू नये, खिळा तर मुळीच ठोकू नये. दोरीची टोके दोन विद्यार्थ्यांनी हातांनी धरावीत. विहिरीच्या कठड्यावर हा प्रयोग मुलांकडून करवू नये.

सहलीस जाणाऱ्या शाळांनी पंधरा मीटर न ताणणारी दोरी, एक सुतळी, मापनफीत व वही एवढे साहित्य बरोबर न्यावे. घोडेगाव किंवा डिंभे परिसरातील ज्या शाळांस तुळजा लेणी दूर पडतात, त्यांनी फुटलेल्या बांगडीचा तुकडा कागदावर ठेवून त्याच्या आतील कडेचा चाप रेखावा, जीवा व शर मिलिमीटरमध्ये मोजून अखंड बांगडीचा आतला व्यास काढावा, आणि तशाच दुसऱ्या बांगडीशी ताडून पाहावा. तुकडा निदान चतुर्थांश वर्तुळाएवढा घ्यावा. त्याहून लहान घेतला तर शर इतका आखूड येतो की पट्टीवरील एका रेघेने उत्तर कोठल्या कोठे जाते.