एका दातावरून अख्खी करवत

जुन्या कॅथोड-किरण ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर एक हिरवा ठिपका सारख्या वेगाने डावीकडून उजवीकडे सरकतो आणि टोक गाठलं की क्षणात परत डावीकडे येतो. त्याला ओढून नेणारं व्होल्टेज सरळ रेषेत चढतं, एकदम शून्यावर कोसळतं आणि पुन्हा चढू लागतं. आलेख काढला तर तो करवतीच्या दातांसारखा दिसतो, म्हणून हा करवती तरंग.

समजा, असं ० ते १ व्होल्ट चढणारं व्होल्टेज १ किलोओहमचा रोधक आणि १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर यांच्या जोडणीला दिलं. एक दात १ मिलिसेकंदाचा आहे आणि सुरुवातीला कपॅसिटर रिकामा आहे. वेळ मिलिसेकंदांत मोजली, तर कपॅसिटरवरच्या व्होल्टेजचं समीकरण अगदी सुटसुटीत होतं: y′ + y = f(t), y(0) = 0. अडचण f ची आहे. ते दर मिलिसेकंदाला तुटतं. नेहमीच्या रीतीने गेलं तर प्रत्येक दातासाठी समीकरण नव्याने सोडवून मागच्या तुकड्याला जोडत बसावं लागतं.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ‘एम-थ्री’मध्ये भेटणारं लाप्लास रूपांतर इथे कामी येतं. त्यात फलनाला e⁻ˢᵗ ने गुणून शून्यापासून अनंतापर्यंत संकलन करायचं असतं. पण आवर्ती फलनाचा प्रत्येक दात पहिल्याचीच उशिरा आलेली प्रत असतो, आणि १ मिलिसेकंदाचा उशीर म्हणजे रूपांतरात e⁻ˢ हा एक गुणक. मग सगळ्या दातांची बेरीज 1 + e⁻ˢ + e⁻²ˢ + … अशी भूमिती श्रेणी होते आणि तिची किंमत 1/(1 − e⁻ˢ) येते. संकलन फक्त एका दाताचं करायचं, बाकीचं काम हा भागाकार करतो:

F(s) = [1/(1 − e⁻ˢ)] ∫₀¹ t e⁻ˢᵗ dt = 1/s² − e⁻ˢ/[s(1 − e⁻ˢ)]

या उत्तरात एक सुंदर गोष्ट उघड दिसते. 1/s² हा कधीच न थांबणारा चढ आहे, आणि वजा केलेलं पद म्हणजे दर मिलिसेकंदाला एक पायरी चढणारा जिना. चढातून जिना वजा केला की करवत उरते. खंडशः संकलन करताना सीमेवरचं पद निसटलं, तर ही वजाबाकी बिघडते. चूक पकडायची एक सोपी खूण आहे: s शून्याकडे नेताना s·F(s) ची किंमत करवतीच्या सरासरीइतकी, म्हणजे १/२, यायला हवी.

आता समीकरणाचं रूपांतर घेतलं की Y = F/(s + 1). इथे बरेच जण 1/(1 − e⁻ˢ) चे आंशिक अपूर्णांक करू पाहतात आणि अडकतात, कारण ते बहुपदींचं गुणोत्तरच नाही. त्याला परत श्रेणीत उलगडायचं. मग प्रत्येक e⁻ⁿˢ एवढंच सांगतो की हा तुकडा n व्या मिलिसेकंदाला जागा होतो, त्याआधी तो शून्य असतो:

y(t) = t − 1 + e⁻ᵗ − Σ (1 − e⁻⁽ᵗ⁻ⁿ⁾)

बेरीज n = 1 पासून t मधल्या पूर्णांकापर्यंत. म्हणजे कोणत्याही क्षणी मोजकीच पदं जिवंत असतात.

आकडे घालून पाहिलं की कपॅसिटरचं वागणं डोळ्यांपुढे येतं. पहिल्या दाताच्या शेवटी ०.३६८ व्होल्ट, दुसऱ्याच्या ०.५०३, तिसऱ्याच्या ०.५५३. वाढ मंदावत जाते आणि शिखर 1/(e − 1), म्हणजे सुमारे ०.५८२ व्होल्टवर स्थिरावतं. तिथून पुढे व्होल्टेज प्रत्येक दातात ०.४५९ पर्यंत उतरून पुन्हा ०.५८२ वर येतं. देणारं व्होल्टेज ० ते १ असं उसळत असताना कपॅसिटरवर एवढीच लहर उरते. करवत तुटते तिथे y तुटत नाही, फक्त त्याचा उतार बदलतो. हाताने काढलेल्या आलेखात y ने उडी मारली, तर एखादं पद चुकीच्या वेळी जागं झालेलं असतं.

हे स्थिरावणं रोधकामुळे आहे. रोधक काढून कपॅसिटरसोबत गुंडाळी जोडली आणि त्या जोडीची स्वतःची वारंवारताही मिलिसेकंदाला एक आवर्तन अशी जुळली, तर समीकरण y″ + 4π²y = 4π²f होतं. सूत्र तेच, उलगडणं तेच, पण आता प्रत्येक पदात घटत जाणाऱ्या e⁻⁽ᵗ⁻ⁿ⁾ च्या जागी cos 2π(t − n) येतो. n पूर्णांक असल्याने हे सगळे कोसाइन तंतोतंत एकावर एक बसतात. कागदावर दर दाताला आंदोलन १ व्होल्टने वाढत जातं. खऱ्या गुंडाळीच्या तारेला थोडा रोध असतोच, म्हणून प्रयोगात ही वाढ कुठेतरी थांबते.