चौदा फळ्या, तीस तास

माणसाला वर्षभर पुरेसे पोषण मिळावे आणि खर्च कमीत कमी यावा, तर त्याने काय काय खावे? अमेरिकी अर्थतज्ज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी अंदाजाने, जुळवाजुळव करत उत्तर काढले होते: वर्षाला ३९.९३ डॉलर. १९४७ साली जॉर्ज डँट्झिग यांनी सिम्प्लेक्स पद्धत शोधली आणि तिची पहिली मोठी परीक्षा याच प्रश्नावर झाली. ७७ खाद्यपदार्थ, ९ पोषक घटक. नऊ कारकून टेबलावरच्या गणनयंत्रांवर आकडे मोडत बसले आणि १२० मनुष्यदिवसांनंतर उत्तर आले: ३९.६९ डॉलर. स्टिग्लर यांचा अंदाज अवघ्या २४ सेंटांनी चुकला होता.

कारकुनांनी केलेले काम छोट्या उदाहरणात कागदावर सहज करून पाहता येते. एका सुताराकडे आठवड्याला १४ फळ्या आणि ३० तास आहेत, असे समजू. वेताने विणलेल्या स्टुलाला १ फळी आणि ३ तास लागतात, नफा ३०० रुपये. साध्या टेबलाला २ फळ्या आणि २ तास, नफा ५०० रुपये. किती स्टुले आणि किती टेबले केली म्हणजे नफा सर्वांत जास्त होईल?

कोष्टक मांडताना उरलेल्या फळ्या आणि उरलेले तास यांनाही स्वतंत्र स्तंभ देतात. सुरुवातीला काहीच बनवलेले नसते, म्हणून सगळे साहित्य शिल्लक असते. नफ्याचे आकडे तळच्या ओळीत उणे चिन्हाने लिहितात.

| | स्टूल | टेबल | उरलेल्या फळ्या | उरलेले तास | एकूण |
|---|---|---|---|---|---|
| फळ्या | १ | २ | १ | ० | १४ |
| तास | ३ | २ | ० | १ | ३० |
| नफा | −३०० | −५०० | ० | ० | ० |

तळच्या ओळीत सर्वांत मोठा उणे आकडा टेबलाखाली आहे, म्हणून आधी टेबले वाढवायची. किती? फळ्या १४ ÷ २ = ७ टेबलांना पुरतात, तास ३० ÷ २ = १५ टेबलांना. लहान भागाकार फळ्यांचा, म्हणून फळ्यांची ओळ निवडायची. घाईत १५ ची ओळ निवडली, तर १५ टेबलांना ३० फळ्या लागतील आणि शेवटच्या स्तंभात −१६ उमटेल. त्या स्तंभात उणे आकडा दिसला की ओळ चुकीची निवडली गेली, हे लगेच कळते.

आता फळ्यांच्या ओळीला २ ने भागायचे आणि तिच्या योग्य पटी इतर ओळींतून वजा करून टेबलाच्या स्तंभात बाकी सर्वत्र शून्य आणायचे. नफा ३५०० होतो, पण स्टुलाखाली अजून −५० उरतो. म्हणजे काही टेबले कमी करून स्टुले केली, तर दर स्टुलामागे ५० रुपये वाढतील. पुन्हा भागाकार केले की फळ्यांच्या ओळीत १४ आणि तासांच्या ओळीत ८ येतात. या वेळी तासांची ओळ निवडून तीच कृती केली, की कोष्टक असे दिसते:

| | स्टूल | टेबल | उरलेल्या फळ्या | उरलेले तास | एकूण |
|---|---|---|---|---|---|
| टेबल | ० | १ | ०.७५ | −०.२५ | ३ |
| स्टूल | १ | ० | −०.५ | ०.५ | ८ |
| नफा | ० | ० | २२५ | २५ | ३९०० |

तळाला एकही उणे आकडा नाही, म्हणून इथे थांबायचे. ८ स्टुले, ३ टेबले, ३९०० रुपये.

हेच पायथॉनमध्ये असे लिहिता येते:

```python
import numpy as np
T = np.array([[1, 2, 1, 0, 14],
              [3, 2, 0, 1, 30],
              [-300, -500, 0, 0, 0]], dtype=float)
while T[-1, :-1].min() < -1e-9:
    c = T[-1, :-1].argmin()
    r = min((i for i in range(2) if T[i, c] > 1e-9),
            key=lambda i: T[i, -1] / T[i, c])
    T[r] /= T[r, c]
    for i in range(3):
        if i != r:
            T[i] -= T[i, c] * T[r]
print(T)
```

`c` हा निवडलेला स्तंभ, `r` ही निवडलेली ओळ. शून्याऐवजी `1e-9` वापरण्याचे कारण असे की संगणकाच्या दशांश गणितात शून्याच्या जागी कधी कधी अतिसूक्ष्म उणे आकडा उरतो आणि मग काम संपले तरी फेऱ्या चालू राहू शकतात. निवडलेल्या स्तंभात एकही धन आकडा नसेल, तर `min` त्रुटी देऊन थांबतो. तेव्हा नफ्याला मर्यादाच उरलेली नसते. बहुधा एखादी अट लिहायची राहून गेलेली असते.

सुताराच्या दृष्टीने मोलाचे आकडे शेवटच्या ओळीत आहेत: २२५ आणि २५. एक फळी जास्त मिळाली तर नफा २२५ रुपयांनी वाढतो, एक तास जास्त मिळाला तर फक्त २५ रुपयांनी. तासाला ४० रुपये जादा देऊन मदतनीस ठेवला, तर तोटाच होईल. उलट नेहमीच्या दरापेक्षा १०० रुपये जास्त मोजूनही फळी घेणे परवडते. चार फळ्या वाढवून पाहा: ६ स्टुले, ६ टेबले, नफा ४८००, म्हणजे बरोबर ९०० ची वाढ.

हा भाव अमर्याद चालत नाही. दर जादा फळीमागे स्टुले अर्ध्याने घटतात. १६ फळ्या वाढल्या की स्टुले शून्यावर येतात, ३० तासांत १५ टेबले होतात आणि पुढची फळी नुसती पडून राहते. शिवाय एकच फळी वाढली तर कोष्टक साडेसात स्टुले आणि पावणेचार टेबले सांगते. अर्धे काम पुढच्या आठवड्यावर ढकलता येत असेल, तर या उत्तराने भागते. पूर्ण नगच हवे असतील, तर आकडे नुसते जवळच्या पूर्णांकावर नेऊन चालत नाही: ८ स्टुले आणि ४ टेबले यांना १६ फळ्या लागतात आणि सुताराकडे असतात १५. तिथे पूर्णांकांची अट घालून गणित नव्याने सोडवावे लागते.